‘डिलिव्हर्ड’ म्हणजे नेमकं कुणाच्या हातात?

हिंजवडीच्या आयटी पार्कात दुपारच्या वेळी कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटबाहेर पाहा. पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन आलेली मुलं फुटपाथच्या कडेला पार्सलं मांडून उभी असतात आणि एकामागून एक फोन लावत असतात. “मॅडम, गेटवर आलोय, खाली या ना.” त्यांना आत सोडत नाहीत आणि मॅडम सातव्या मजल्यावर मीटिंगमध्ये असतात. दिवसभर घराला कुलूप, म्हणून पत्ता ऑफिसचा दिलेला. बहुतेक वेळा सगळं सुरळीत पार पडतं. पार पडत नाही तेव्हा मात्र पार्सल शेकडो किलोमीटर नीट येतं आणि गेट ते टेबल एवढ्या अंतरात गायब होतं.

याचं कारण समजायला हे अंतर कुणाच्या ताब्यात आहे ते पाहावं लागतं. बाहेरच्या गेटवरचा गार्ड बहुधा पार्कच्या किंवा इमारतीच्या मालकाने नेमलेल्या एजन्सीचा असतो. लॉबीतला माणूस कधी त्याच एजन्सीचा, कधी दुसऱ्या. वर कंपनीचं रिसेप्शन किंवा मेलरूम असते, ती कंपनीच्या ॲडमिन विभागाखाली येते. म्हणजे पार्सल तीन वेळा हात बदलतं आणि हे तिघे एकमेकांना बांधील नसतात. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मात्र पहिल्या हाताशीच काम संपतं. त्याने स्वीकारणाऱ्याच्या जागी ‘सिक्युरिटी’ असं टाकलं की तुमच्या फोनवर ‘डिलिव्हर्ड’ झळकतं. तो खोटं बोलत नसतो, पण पार्सल तुम्हाला मिळालेलंही नसतं.

एक काल्पनिक, पण अगदी नेहमीचा प्रसंग घेऊ. एका कंपनीची एकाच आवारात ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन टॉवरांत ऑफिसं आहेत. ‘बी’ टॉवरमधल्या एका मुलीने बूट मागवले. पत्त्यात कंपनीचं नाव, फेज दोन, हिंजवडी एवढंच, आणि नावाच्या जागी फक्त ‘स्नेहा’. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मुलगा त्याला जवळ पडणाऱ्या एक नंबरच्या गेटवर आला. फोन सायलेंट होता, उचलला गेला नाही. गार्ड म्हणाला, “ठेव इथं.” त्याने रजिस्टरमध्ये वेळ आणि ‘स्नेहा, पार्सल १’ असं लिहिलं आणि खोकं टेबलाखाली सरकवलं. तीन वाजता शिफ्ट बदलली. चार्ज देताना किल्ल्या मोजल्या गेल्या, व्हिजिटर पास मोजले गेले, पार्सलांचं मात्र “खाली दोन-तीन आहेत” असं तोंडी सांगितलं गेलं. संध्याकाळी नव्या गार्डने कंपनीचं नाव वाचून सगळी खोकी ‘ए’ टॉवरच्या रिसेप्शनवर पोचवली.

साडेसहाला ही मुलगी ‘बी’च्या रिसेप्शनवर गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, “आमच्याकडे आलंच नाही.” खरंच आलं नव्हतं. मग ती रोजच्या, दोन नंबरच्या गेटवर गेली. तिथेही नव्हतं. डिलिव्हरीवाल्याने परस्पर लांबवलं असं ठरवून तिने रात्री तक्रार टाकली. बूट तेव्हा ‘ए’ टॉवरमध्ये पडून होते आणि तिथल्या बाई यादीतली कुठली स्नेहा या विचारात होत्या.

इथे शोधाची दिशाच उलटी झाली. रिसेप्शनपासून सुरुवात केली की प्रत्येक जण खरं बोलतो आणि हाती काही लागत नाही. सुरुवात ॲपमधल्या वेळेपासून करायची. किती वाजता डिलिव्हर्ड झालं, स्वीकारणाऱ्याचं नाव काय टाकलंय, फोटो जोडलाय का? फोटोत खोकं कुठल्या टेबलावर आहे, मागची भिंत कुठली, एवढ्यावरूनही गेट ओळखता येतं. मग त्या गेटचं त्या वेळचं रजिस्टर आणि त्या शिफ्टचा गार्ड. तो घरी गेला असेल तर सिक्युरिटी सुपरवायझर त्याला फोन लावून देतो. कॅमेऱ्याचं चित्रण पाहायचं झालं तर ॲडमिनकडे ईमेलने मागणी करावी लागते. गेटवर हुज्जत घालून ते कुणी दाखवत नाही. शिवाय जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा आठवडा उलटून गेल्यावर मागण्यात अर्थ नाही.

यातलं निम्मं पत्त्यातच टळलं असतं. ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव, टॉवर, मजला, गेटचा नंबर आणि रिसेप्शनचा फोन. पत्ता साठवताना बरीच ॲप ‘घर’ की ‘ऑफिस’ असं विचारतात, तेही नीट भरावं; ‘घर’ निवडलं तर पार्सल रविवारीही गेटवर येऊ शकतं आणि सोमवारपर्यंत ते कुणाच्या ताब्यात राहील याचा भरवसा नसतो.

ओटीपीने हा गुंता सुटेल असं वाटतं, पण तोही गेटवर अडकतो. ओटीपी म्हणजे ‘मला मिळालं’ ही तुमची सही. ती वस्तू समोर असताना द्यायची असते. फोनवर “ओटीपी सांगा, वॉचमनकडे ठेवतो” असं ऐकून आकडे सांगितले की पुढे काहीही झालं तरी कंपनीच्या नोंदीत माल तुमच्या हातात पडलेला असतो. सांगायचाच असेल तर आधी फोन त्या गार्डच्या हातात द्यायला सांगावा, त्याचं नाव आणि गेट विचारावं, मगच आकडे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बँका आणि कॉल सेंटरमध्ये तर ग्राहकांच्या कार्डांची माहिती हाताळली जाते त्या मजल्यांवर मोबाइल नेऊच देत नाहीत, तो लॉकरमध्ये राहतो. म्हणजे फोनही नाही आणि ओटीपीही नाही. मुलगा एक-दोनदा फोन लावतो आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद करून निघून जातो. पुष्कळांना पार्सलमागे पैसे मिळतात, गेटवर घालवलेली दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात, त्याला तरी काय बोलणार? असे ठरावीक प्रयत्न फुकट गेले की माल परत पाठवला जातो. नंतर आलेला मिस्ड कॉल उलट लावून फारसा उपयोग होत नाही, कारण अनेकदा तो नंबर त्या डिलिव्हरीपुरता जोडलेला असतो आणि काम बंद झालं की लागत नाही. अशा मजल्यावर काम करणाऱ्यांनी ऑफिसचा पत्ता देऊच नये. घराजवळचं पिकअप पॉइंटवालं दुकान बरं.

आता तपासणी. बऱ्याच ठिकाणी आत जाणारं प्रत्येक खोकं एक्स-रे मशीनमधून जातं. पडद्यावर खाद्यपदार्थ, कागद, कापड, प्लास्टिक अशा गोष्टी नारिंगी दिसतात, जाड धातू निळा दिसतो, आणि दोहोंच्या मधलं हिरवं. गावाहून आईने पाठवलेला चकलीचा स्टीलचा डबा निळ्या भिंतीआड नारिंगी चकत्या असा दिसतो आणि गार्ड हसून पुढे सरकवतो. सुऱ्यांचा सेट मागवलात तर तो हसत नाही; धारदार वस्तू, परफ्यूमसारखे पेट घेणारे द्रव, दारू हे गेटवरच अडवलं जातं आणि घरी जाताना घ्यायला सांगितलं जातं. संशय आला तर खोकं तुमच्यासमोर, तुमच्याकडूनच उघडून घ्यायला हवं. गार्डने परस्पर फोडलेलं पार्सल तसंच उचलू नये, रजिस्टरमध्ये ‘उघडलेलं मिळालं’ असं लिहूनच घ्यावं.

पाठवणाऱ्याचं नाव नाही, कुणी मागवलेलं नाही, चिकटपट्टीचे थरावर थर, तेलकट डाग किंवा विचित्र वास, अशा पार्सलाला हात न लावता लोकांना लांब करून ११२ ला कळवायचं हे गार्डला शिकवलेलं असतं. म्हणून वाढदिवसाचं निनावी ‘सरप्राइज’ ऑफिसात धाडणाऱ्या मित्रांनी रिसेप्शनला आधी सांगावं. नाहीतर केक खाली आणि अख्खा मजला बाहेर, असा प्रसंग ओढवतो.

काही गोष्टी ऑफिसच्या पत्त्यावर मागवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे देऊन घ्यायचं पार्सल रिसेप्शन सोडवून घेत नाही. महागडा मोबाइल बऱ्याचदा तुमच्यासमोर खोकं उघडून दाखवूनच दिला जातो, तिथे रिसेप्शनच्या बाईंचा उपयोग नाही. टपालाचंही तसंच. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावरच्या कुणाच्याही हाती देता येतं. ते ज्याचं त्यालाच किंवा त्याने नेमलेल्या माणसालाच मिळावं असं वाटत असेल तर पाठवणाऱ्याला जादा पैसे भरून नोंदणीची सोय घ्यावी लागते. मूळ कागदपत्रं कुणी पाठवणार असेल तर एवढं त्याला आधी सांगावं.

हरवलंच, तर रिसेप्शनवरच्या ‘वैयक्तिक पार्सलची जबाबदारी कंपनीची नाही’ या पाटीचं काय? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवणाऱ्याने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायला हवी. पण हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी आपल्याच नोकरीच्या ठिकाणी कलम दाखवणारा माणूस मी पाहिलेला नाही. व्यवहारात उपयोगी पडते ती विकणाऱ्या कंपनीकडची तक्रार. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत ‘मिळालं नाही’ एवढंच न लिहिता अमुक वेळेला अमुक गेटच्या रजिस्टरात नोंद नाही असं लिहावं आणि शक्य असेल तर त्या पानाचा फोटो जोडावा.

आणि हाती आलेलं पार्सल संध्याकाळी बाहेरही काढावं लागतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. लॅपटॉप, हार्ड डिस्क, मॉनिटर अशी वस्तू घेऊन निघालात की गार्डला ती कंपनीची वाटते, आणि ‘माझीच आहे’ या म्हणण्याला गेटवर किंमत नसते. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या ऑफिसांत तर आत-बाहेर होणारा माल कस्टम्सच्या नियमांत बसतो, त्यामुळे तिथे अशी वस्तू गेटच्या आत न नेणंच शहाणपणाचं. इतरत्र आत नेतानाच सिरियल नंबर आवक रजिस्टरमध्ये लिहून घ्यावा, बिल फोनवर ठेवावं आणि ॲडमिन सहाला उठायच्या आत त्यांच्याकडून गेटपास सही करून घ्यावा.