लिमिट वाढवून हवी? आधी हिशेब मांडा

‘आमचा व्यवसाय वाढला असून सध्याची सीसी लिमिट अपुरी पडत आहे. तरी ती वाढवून मिळावी, ही विनंती.’ असे दोन ओळींचे अर्ज बँकेच्या शाखांमध्ये नेहमी येतात आणि टेबलावरच राहतात. त्यात खोटं काही नसतं. पण शाखा व्यवस्थापकाला त्यावर प्रस्ताव तयार करून वरच्या कार्यालयाकडे पाठवायचा असतो आणि तिथे विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. विक्री किती वाढली, ती कशावरून, आणि आधीची लिमिट कशी वापरली? या तीन प्रश्नांची उत्तरं अर्जातच असली, तर फाइल पुढे सरकते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा नमुना घेऊ. आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, धंद्याची रीत मात्र खरी. हा कारखाना फाउंड्रीकडून कास्टिंग घेतो, त्यावर मशिनिंग करतो आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना तयार भाग पुरवतो. फाउंड्रीला महिन्याभरात पैसे द्यावे लागतात. कंपनीकडून पैसे यायला दोन महिने किंवा थोडे जास्तच लागतात. मधल्या काळातले पगार, वीजबिल आणि नवा माल सीसी खात्यावर चालतो. ऑर्डर वाढली की हा मधला खड्डाही वाढतो. म्हणजे धंदा नफ्यात असूनही हात आखडतो.

या कारखान्याची लिमिट ३० लाखांची आहे. ती मंजूर झाली तेव्हा वर्षाची विक्री दीड कोटी होती. पुढे ती २०२३-२४ मध्ये १ कोटी ७८ लाख आणि २०२४-२५ मध्ये २ कोटी १६ लाख झाली. हातातल्या ऑर्डरी पाहता २०२५-२६ चा अंदाज २ कोटी ६० लाखांचा आहे. आता किती मागायचं?

लहान उद्योगांसाठी याचं एक सोपं गणित आहे. रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या पी. आर. नायक समितीने ते घालून दिलं. अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं; त्यातले किमान २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के मालकाने स्वतःचे घालायचे. पाच कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका हीच पद्धत वापरतात. आपल्या कारखान्याच्या बाबतीत २ कोटी ६० लाखांचे २० टक्के म्हणजे ५२ लाख, आणि मालकाचे १३ लाख. मालकाने ५० लाख मागितले तर ती मागणी हिशेबात बसते. मात्र स्वतःचे १३ लाख धंद्यात खरोखर आहेत, हे ताळेबंदातून दिसायला हवं.

इथेच बऱ्याच जणांचं बिनसतं. सीसीतून पैसे काढून नवं सीएनसी मशीन घेतलेलं असतं. मशीन पाच-सात वर्षांत पैसे परत देणार आणि सीसी मात्र रोज फिरायला हवी. अशा वेळी ताळेबंदात चालू देणी चालू मालमत्तेच्या जवळ जाऊन पोचतात आणि बँकेला कळतं, की लिमिट विक्रीमुळे नव्हे, मशीनमुळे अडली आहे. त्यावर उपाय मशीनसाठी वेगळं मुदत कर्ज हा आहे.

विक्रीचा आकडा बँक तीन ठिकाणी ताडून पाहते: ताळेबंदात, जीएसटी विवरणपत्रांत आणि खात्यातल्या जमा रकमांत. आपल्या कारखान्याची विक्री २ कोटी १६ लाख आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर बिलं साधारण २ कोटी ५५ लाखांची होतात. खात्यात जमा झाले आहेत २ कोटी ४० लाख. उरलेल्या १५ लाखांची वर्षभरात उधारी वाढली, आणि येण्यांच्या यादीत ती दिसते. हे पत्रात एका वाक्यात सांगितलं की शंका मिटते. पण खात्यात दीड कोटीच आले असते, तर उरलेली वसुली दुसऱ्या बँकेच्या खात्यात जाते आहे का, असं बँकेने विचारलंच असतं.

यानंतर येते ड्रॉइंग पॉवर, शाखेच्या भाषेत डीपी. कारखान्यात माल आहे २८ लाखांचा. त्यातून फाउंड्रीचे देणे असलेले १६ लाख वजा केले की १२ लाख उरतात. २५ टक्के मार्जिन कापल्यावर ९ लाख. नव्वद दिवसांच्या आतली येणी ५२ लाख. त्यावर तेवढंच मार्जिन कापल्यावर ३९ लाख. एकूण डीपी ४८ लाख. नव्वद दिवसांपेक्षा जुनी ६ लाखांची उधारी यात धरलीच जात नाही. म्हणजे ५० लाख मंजूर झाले, तरी आज ४८ लाखच उचलता येतील. मार्जिनचे दर बँकेप्रमाणे बदलतात, म्हणून आपल्या मंजुरीपत्रातलेच दर धरावेत.

राहिला परतफेडीचा इतिहास. सीसीला मासिक हप्ता नसतो, त्यामुळे तिथे शिस्त वेगळ्या खुणांनी दिसते. दरमहा व्याज लागल्यावर ते लगेच भरलं जातं का, चेक परत जातात का, स्टॉक स्टेटमेंट वेळेवर येतं का, आणि खातं अधूनमधून खाली येतं का. वर्षभर लिमिटच्या काठावरच चिकटून बसलेलं खातं बँकेला आवडत नाही. लिमिट किंवा डीपीच्या वर खातं सलग तीस दिवसांहून जास्त राहिलं तर ते एसएमए-१ या वर्गात जातं, आणि नव्वद दिवस ओलांडले की थकीत, म्हणजे एनपीए ठरतं. म्हणून खातं ताणलेलं असताना वाढ मागणं ही सगळ्यात वाईट वेळ. ऑर्डर हातात येताच, माल भरण्याआधी अर्ज द्यावा. गरज दोन-तीन महिन्यांपुरतीच असेल, तर तात्पुरती ॲडहॉक लिमिट मागावी.

एवढी तयारी झाली की पत्र पानभराचंच होतं:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय: कॅश क्रेडिट मर्यादा ३० लाखांवरून ५० लाख करण्याबाबत.
महोदय, गेल्या दोन वर्षांत आमची विक्री १.७८ कोटी आणि २.१६ कोटी झाली असून चालू वर्षाचा अंदाज २.६० कोटी आहे. त्यापैकी १.९० कोटींच्या ऑर्डरी हाती असून प्रती सोबत जोडल्या आहेत. अंदाजित विक्रीच्या २० टक्क्यांप्रमाणे मर्यादा ५२ लाख येते. आमची मागणी ५० लाखांची आहे. आमचे १३ लाखांचे भांडवल ताळेबंदात दिसते. गेल्या १२ महिन्यांत व्याज दरमहा वेळेवर भरले आहे, एकही चेक परत गेलेला नाही आणि खाते मर्यादेबाहेर गेलेले नाही. मार्चमध्ये येणे उशिरा आल्याने एक स्टॉक स्टेटमेंट आठ दिवस उशिरा दिले, याची नोंद घ्यावी.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ती चूक बँकेच्या नोंदीत असतेच. ग्राहकाने आधी सांगितली तर ती किरकोळ राहते. सोबत ताळेबंद, जीएसटी विवरणपत्रं, वयवार येण्यांची यादी आणि ताजं स्टॉक स्टेटमेंट जोडावं. चारही कागदांतले आकडे पत्राशी जुळतात का, हे सीएकडून एकदा तपासून घ्यावं.

अर्ज दिल्यावर तारखेसह पोच घ्या. आणि मागणी फेटाळली गेली तर कारण लेखी मागा. ते द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या बँकांना सांगितलेलं आहे. त्या कागदावरूनच पुढच्या अर्जात काय दुरुस्त करायचं ते कळेल.