सरासरीने केलेला घात

समजा, गणपतीला कोकणात जाणाऱ्या बसगाड्यांचं ऑनलाइन आरक्षण आपल्याला सांभाळायचं आहे. दिवसाला दोन लाख तिकिटं. एका तिकिटाची नोंद इंडेक्स धरून १ केबी, म्हणजे दिवसाला २०० एमबी आणि वर्षाला सुमारे ७३ जीबी. बॅकअपची जागा वेगळी. जागेचा हिशेब इतका सोपा आहे, म्हणूनच बरेच जण तिथेच थांबतात.

खरी गोची वेगाची. दोन लाख तिकिटं २४ तासांत वाटली, तर सेकंदाला जेमतेम अडीच पडतात. पण आरक्षण सकाळी आठला उघडतं आणि पहिल्या दहा मिनिटांत ४० हजार तिकिटं जातात, म्हणजे सेकंदाला ६७. गाड्या शोधणं, आसनं पाहणं, पैसे भरणं धरून एका तिकिटामागे ३० क्वेरी मोजल्या, तर सेकंदाला २,००० होतात.

यातल्या ९५ टक्के मेमरीतूनच भागतात. उरलेल्या १०० क्वेरींनी डिस्कवरून प्रत्येकी चार पानं वाचली, तरी सेकंदाला ४०० वाचनं झाली. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क अशी शे-दीडशेच पेलते, त्यामुळे इथे एसएसडीच हवी.

पुढे डेटा वाढून मेमरीत मावेनासा झाला आणि ९५ चे ८० टक्के झाले, की गर्दी तेवढीच असूनही वाचनं १,६०० होतात. तेव्हा प्रोसेसर निवांत दिसतो आणि डिस्कसमोरची रांग वाढत जाते. आठवड्याला तो टक्का आणि ती रांग टिपून ठेवा, आणि तीही सकाळी आठचीच.