चौदा ते वीस तारखेमधले 34 तास

दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-2बी हे विवरण तयार होतं. पुरवठादारांनी कारखान्याच्या नावावर कोणती बिलं दाखवली आणि किती क्रेडिट मिळणार, हे त्यात असतं. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-3बीची मुदत 20 तारीख. मधल्या पाच-सहा दिवसांत अकाउंट्स विभाग आपली खरेदी नोंदवही आणि 2बी यांचा ताळमेळ घालत बसतो. 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने बिल दाखवलंच नसेल तर त्यावरचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून हे काम टाळता येत नाही, आणि ते वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक मिळतं.

असं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या ग्राहकाच्या कारखान्याचा फोटो आणि खाली चार-पाच ओळी अशी जाहिरात करतात. दुसरा कारखानदार निर्णय घेतो तो त्या ओळींवरच. तिथला वेळेचा आकडा कसा काढला जातो, हे पाहण्यासारखं आहे.

नमुन्यासाठी कोल्हापूरजवळची एक फाउंड्री धरू. महिन्याला सुमारे 600 खरेदी बिलं. दोन माणसं तीन दिवस, रोज आठ तास, म्हणजे 48 तास खपतात. वेळ खातात ते बिलांचे नंबर. पुरवठादार पोर्टलवर ‘केएफ/0123/24-25’ लिहितो, फाउंड्रीचा क्लार्क नुसतं ‘123’ चढवतो. बिल एकच, पण एक्सेलला ती दोन वाटतात. कुठे कराची रक्कम रुपयाने इकडेतिकडे, कुठे मार्चचं बिल एप्रिलमध्ये. सॉफ्टवेअर नंबरातली शून्यं आणि तिरप्या रेघा बाजूला ठेवून, जीएसटी नंबर, रक्कम आणि तारीख यांवरून जोड्या लावतं. माणसाला फक्त न जुळलेली बिलं तपासावी लागतात. 38 तासांची जुळवाजुळव चार तासांवर येते.

मग 48 तासांतले उरलेले दहा? ते पुरवठादारांना फोन करण्यात जातात. ‘तुमचं बिल दिसत नाही, रिटर्न भरलंत का?’ हे सॉफ्टवेअर लावल्यावरही विचारावंच लागतं. 38 चे चार झाले एवढंच सांगितलं तर ‘जवळपास 90 टक्के वेळ वाचला’ असं छापता येतं. फोन धरले तर 48 चे 14 होतात, बचत सुमारे 70 टक्के. पहिला आकडा जुळवाजुळवीपुरता खरा आहे, पण मालक पगार पूर्ण कामाचा देतो, त्यामुळे छापायचा तो दुसराच. पहिला महिनाही वेगळा ठेवावा लागतो. पुरवठादारांची जुनी यादी साफ करताना त्या महिन्यात उलट जास्तच वेळ जातो.

या फाउंड्रीसाठी नीट लिहिलेला मजकूर असा होईल:

‘जीएसटीचा ताळमेळ : पूर्वी महिन्याला 48 तास, आता 14. त्यातले 10 तास पुरवठादारांशी बोलण्यात. मे ते जुलै या तीन महिन्यांची सरासरी. सुरुवातीचा एप्रिल महिना धरलेला नाही. मोजणी ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाची. नाव आणि फोटो ग्राहकाच्या लेखी परवानगीने.’

यात 600 बिलांचा उल्लेख नाही, आणि तो मुद्दाम गाळलेला आहे. महिन्याची बिलं किती, यावरून स्पर्धक खरेदीचा अंदाज बांधतो. असे आकडे मालकाच्या नजरेतून सुटत नाहीत, म्हणून परवानगी त्याच्याकडून किंवा अधिकार असलेल्या संचालकाकडून घ्यायची. रोज सॉफ्टवेअर वापरणारा अकाउंटंट ‘टाका की साहेब’ म्हणाला, तरी ती कंपनीची परवानगी होत नाही. मुंबईत 1985 साली स्थापन झालेल्या एएससीआय या जाहिरात नियमन संस्थेच्या संहितेतही हे आहे. विनापरवानगी कोणा व्यक्तीचा वा संस्थेचा उल्लेख करून मालाला गैरवाजवी फायदा मिळवायचा नाही, आणि दाव्याला पुरावा हवा.

सर्वांत मोठी गफलत होते ती स्क्रीनच्या फोटोत. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मालकी तत्त्वावरच्या दुकानाचा जीएसटी नंबर दिसला, तर त्या माणसाचा स्वतःचा पॅन जगजाहीर होतो. फाउंड्रीने परवानगी दिली असते ती स्वतःपुरती. यादीतल्या पुरवठादारांना कुणी विचारलेलंच नसतं. तेव्हा तो रकाना नुसता धूसर न करता बनावट नोंदी भरून नवा फोटो काढणं सुरक्षित.

परवानगीच्या मेलमध्ये अंतिम मजकूर आणि फोटो शब्दशः जोडलेले असावेत. ते कुठे आणि किती काळ वापरायचे, ग्राहकाने सॉफ्टवेअर बंद केलं तर किती दिवसांत उतरवायचे, हेही त्यातच यावं. नंतर कुणी 70 चे 75 टक्के केले, तर मेल पुन्हा पाठवावा लागतो.