दोन प्रोजेक्टर, एक चित्र : मधला सांधा नाहीसा कसा होतो?

काळेवाडी-रहाटणी पट्ट्यात मंगल कार्यालयांची काही कमी नाही. लग्न असो की एखाद्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम, व्यासपीठामागे आता रुंद पडदा लागतो. समजा, अशाच एका हॉलमध्ये ३२ फूट रुंद आणि १० फूट उंच पडदा आहे. नेहमीच्या फुल एचडी प्रोजेक्टरचे चित्र १० फूट उंच केले, तर ते जेमतेम पावणेअठरा फूट रुंद होते. म्हणजे दोन प्रोजेक्टर हवेतच. आणि नवरा-नवरी उभी राहतात ती बरोबर मध्यभागी, जिथे दोन्ही चित्रे जुळतात तिथेच. सांधा फसला, तर तो अल्बममधल्या प्रत्येक फोटोत दिसणार.

पहिला विचार असा येतो, की दोन्ही चित्रे कडेला कड लावून ठेवावीत. पण आपल्या पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ३ मिलिमीटरचा आहे. प्रोजेक्टर तापला, टांगलेली पट्टी जराशी वाकली किंवा डीजेच्या बासने ती थरथरली, की चित्र तेवढे सहज सरकते. मग मध्ये एकतर काळी रेघ दिसते, नाहीतर झगझगीत पांढरी. म्हणून चित्रे शेजारी न ठेवता एकमेकांवर चढवतात आणि चढलेल्या भागात दोघांचाही उजेड हळूहळू उतरवतात. यालाच एज ब्लेंडिंग म्हणतात.

किती चढवायचे? साधारण १५ ते २० टक्के पुरते. आपण २० टक्के धरू. १९२० पिक्सेलपैकी ३८४ पिक्सेल सामाईक झाले, म्हणजे एकूण चित्र ३४५६ बाय १०८० पिक्सेलचे. हे माप ३२ बाय १० फुटांच्या पडद्यावर नेमके बसते आणि मधला सामाईक पट्टा साडेतीन फुटांचा होतो. व्हिडिओ बनवणाऱ्याला हे माप आधीच सांगावे लागते. नाहीतर तो नेहमीच्या मापाची फाईल आणतो आणि पडद्यावर सगळी माणसे आडवी ताणली जातात.

आधी चित्रे जुळवायची. डाव्या प्रोजेक्टरवर लाल रेषांची जाळी आणि उजव्यावर तीच जाळी हिरव्या रंगात लावतात. सामाईक पट्ट्यात रेषा एकमेकींवर बसल्या, की त्या पिवळ्या दिसतात. जिथे लाल आणि हिरवी वेगळी दिसते, तिथे चूक आहे. हे काम प्रोजेक्टर अर्धा तास चालू ठेवून, तो गरम झाल्यावरच करावे. जमेल तितके लेन्स शिफ्टने जुळवावे. कीस्टोन वापरले, की चित्र मऊ पडते आणि काही पिक्सेल वाया जातात.

आता खरा पेच. सामाईक पट्ट्यात डावा प्रोजेक्टर १०० पासून शून्यावर उतरवला आणि उजवा शून्यापासून १०० वर चढवला, तर बेरीज सगळीकडे १०० व्हायला हवी. कागदावर होतेही. पण पडद्यावर मधोमध एक गडद पट्टा उमटतो. नवशिक्याला वाटते, प्रोजेक्टरच बिघडला. बिघाड नसतो, गॅमा असतो. प्रोजेक्टरला निम्मा सिग्नल दिला, तर तो निम्मा उजेड देत नाही. नेहमीच्या २.२ गॅमाला ५० टक्के सिग्नलमधून साधारण २२ टक्केच उजेड निघतो. दोघांचे २२ आणि २२ मिळून ४४. बरोबर मध्यावर निम्म्याहून जास्त उजेड गायब.

उपाय उलट्या बाजूने काढायचा. मध्यावर प्रत्येकाने ५० टक्के उजेड द्यायला हवा, तर सिग्नल किती हवा? हिशोब असा :

```
0.5^(1/2.2) ≈ 0.73
```

म्हणजे ७३ टक्के. ब्लेंडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा प्रोजेक्टरच्या मेनूमध्ये गॅमाची जी कळ असते, ती हेच काम करते. पूर्ण पांढरे चित्र लावावे. मधला पट्टा गडद दिसला, तर तो आकडा वाढवावा. उजळ दिसला, तर कमी करावा. नंतर हीच तपासणी मध्यम करड्या चित्रावर करावी, कारण पांढऱ्यावर जुळलेले करड्यावर फसू शकते. त्यासाठी प्रोजेक्टरमधले डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि आपोआप उजेड बदलणाऱ्या सगळ्या सोयी आधी बंद कराव्यात. त्या चालू राहिल्या, तर जुळवलेली गोष्ट पुढच्याच दृश्यात बिघडते.

पण दोन्ही यंत्रे मुळात सारखी उजळ नसतील, तर गॅमा कितीही फिरवून उपयोग नाही. भाड्याने आणलेल्या जोडीत हे नेहमीच होते : एकाचा दिवा नवा, दुसऱ्याचा हजारेक तास चाललेला. समजा, लक्स मीटरने पांढऱ्या चित्रावर डावीकडे ३६० आणि उजवीकडे २९० लक्स आले. जुन्याला वर नेता येत नाही, नव्यालाच खाली आणावे लागते. २९० भागिले ३६० म्हणजे साधारण ८० टक्के. लेझर प्रोजेक्टर असेल, तर प्रकाशाची पातळीच ८० टक्क्यांवर आणावी. तशी सोय नसेल, तर सिग्नल कमी करावा. त्याच गॅमामुळे तो ८० नव्हे, सुमारे ९० टक्के ठेवावा लागतो. माझी पसंती मात्र पहिल्याच वाटेला. दिव्याचा उजेड कमी केला, की काळेही तेवढेच गडद होते. सिग्नल कमी केला, तर फक्त पांढरे उतरते आणि काळे तसेच राहते.

हे काळेच शेवटी छळते. प्रोजेक्टरला काळे दाखवा म्हटले, तरी थोडा उजेड गळतोच. सामाईक पट्ट्यात तो दोघांचा मिळून दुप्पट होतो आणि अंधाऱ्या दृश्यात मधोमध करडा पट्टा तरंगतो. उजेड वजा करायची सोय कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. म्हणून उलटा मार्ग घेतात : उरलेल्या दोन्ही बाजूंचे काळे मुद्दाम उचलून त्या पट्ट्याइतके करडे करतात. सांधा जातो, पण कॉन्ट्रास्ट साधारण निम्मा होतो. लग्नाच्या हॉलमध्ये दिवे चालूच असतात, त्यामुळे हा त्रास दिसत नाही आणि ही कळ हात न लावता सोडावी. अंधारात होणाऱ्या कार्यक्रमाला मात्र ती लागते.

लेन्ससमोर पत्र्याची पट्टी धरून तिच्या धूसर सावलीने कडेचा उजेड अडवला, तर गळणारे काळेही अडते. ही कल्पना जुनी आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या सिनेरामात तीन प्रोजेक्टर शेजारी चालत. त्यांच्या कडेला कंगव्यासारखे दात असलेला तुकडा वेगाने हलवून सांधा पुसट करत. तरी तो प्रेक्षकांना दिसायचाच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मेनूत नसते, ती म्हणजे पडदा. चकाकणारा, जास्त गेनचा पडदा उजेड आरशासारखा एका दिशेला फेकतो. सांध्यावर डाव्या प्रोजेक्टरचा प्रकाश डावीकडून येतो, म्हणून तो उजवीकडे जास्त परततो, उजव्याचा डावीकडे. मधल्या खुर्चीत बसून सगळे अचूक जुळवले, तरी उजवीकडच्या रांगेतल्या माणसाला सांध्याजवळ डावे चित्र उजळ आणि उजवे मंद दिसते. म्हणून साधा, मॅट पांढरा पडदाच घ्यावा आणि तपासणी हॉलच्या दोन्ही कोपऱ्यांत बसूनही करावी. कोपऱ्यातून दिसणारा फरक सेटिंगने जात नाही, तो पडदा बदलूनच जातो.