एकच तमिळ, वाचक दोन्ही किनाऱ्यांचे

आपण मराठीत पाव म्हणतो, श्रीलंकेतले तमिळ ‘पाण’ म्हणतात. दोन्ही शब्द पोर्तुगीज मुळाचे. तमिळनाडूत मात्र ‘ब्रेड’ किंवा ‘रोट्टी’ चालतं, आणि श्रीलंकेत ‘रोट्टी’ म्हणजे चपटी, भाकरीसारखी. म्हणून दोन्हीकडच्या वाचकांसाठी लिहिताना पहिल्या उल्लेखात ‘पाण’ आणि ‘ब्रेड’ जोडीने द्यावेत.

‘बोलणे’ अधिक नाजूक. चेन्नईत त्यासाठी ‘पेसु’, जाफन्यात ‘कदै’. पण जाफन्यात ‘पेसु’ला रागावण्याची छटा येते, तर चेन्नईत ‘कदै’ म्हणजे गोष्ट. लेखी तमिळमधलं ‘उरैयाडु’ दोन्हीकडे कळतं, फक्त संवादात ते पुस्तकी वाटतं. म्हणून निवेदनात ‘उरैयाडु’ वापरा आणि पात्राच्या तोंडी त्याच्या गावचाच शब्द ठेवा.