फोटोतला फासा आणि छेदातला सात

दहावीच्या मुलांच्या ग्रुपवर परीक्षेच्या तोंडावर गणितांचे फोटो येऊ लागतात. अर्धे पान, कडेला अंगठा, वर ट्यूबलाइटची चमक आणि खाली ‘सर, हे कसं?’ एवढाच मजकूर. त्यातला एक फोटो दरवर्षी हमखास येतो. दोन फाशांचे चित्र असते आणि शेजारी छापलेले असते: ‘दोन फासे एकाच वेळी टाकले असता वरच्या पृष्ठभागांवरील अंकांची बेरीज किमान 10 असण्याची संभाव्यता काढा.’

या फोटोत सर्वांत आधी नजरेआड करायची गोष्ट म्हणजे ते चित्र. चित्रात 4 आणि 2 दिसतात, म्हणून काही मुले त्यांचीच बेरीज करत बसतात. चित्रातले फासे पडून गेलेले आहेत. प्रश्न न पडलेल्या फाशांबद्दल आहे. चित्राची खोडी आणखी एक आहे. दोन्ही फासे पांढरे, अगदी जुळे छापलेले असतात आणि तिथेच पुढच्या गोंधळाचे बी पडते.

मी मुलांना सांगतो, वहीत एक फासा लाल कर. मग पहिला आकडा लाल फाशाचा, दुसरा पांढऱ्याचा. लाल फाशावर 1 असेल तर पांढऱ्यावर 1 ते 6 काहीही येऊ शकते, म्हणून (1,1), (1,2) पासून (1,6) पर्यंत पहिली ओळ. लालवर 2 असेल तर दुसरी ओळ. अशा सहा ओळी, प्रत्येकीत सहा जोड्या. हाच नमुना अवकाश S, आणि n(S) = 36.

आता बेरीज किमान 10, म्हणजे 10, 11 किंवा 12. फोटो अंधुक असेल तर ‘किमान 10’ आणि ‘10 पेक्षा जास्त’ यांतला फरक निसटतो. पहिल्यात 10 धरायचा, दुसऱ्यात नाही. इथे धरायचा आहे. तक्त्यात बोट फिरवले की सापडतात (4,6), (5,5), (6,4), (5,6), (6,5), (6,6). सहा निष्पत्ती, म्हणून उत्तर 6/36, म्हणजे 1/6.

पण फासे पांढरेच ठेवणाऱ्या मुलीची वही वेगळी दिसते. ‘एकावर चार आणि दुसऱ्यावर सहा, यात कुठला कुठे याने काय फरक पडतो?’ असे म्हणून ती (4,6) आणि (6,4) एकदाच लिहिते. मग सगळ्या जोड्या 21 होतात, बेरीज किमान 10 असलेल्या चार उरतात आणि उत्तर येते 4/21. तिची यादी खोटी नाही. दोन जुळे फासे बघणाऱ्याला 21 चित्रेच दिसतील. अडचण अशी की ती 21 चित्रे सारख्या वजनाची नाहीत. चार-सहा पडायला दोन वाटा आहेत, पाच-पाच पडायला एकच. अनुकूल निष्पत्तींना एकूण निष्पत्तींनी भागण्याचे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य असतील तरच चालते. रंग दिला न दिला, फाशांना त्याचे काही नाही, ते पडायचे तसेच पडतात. रंग आपल्याला मोजता यावे म्हणून.

पटत नसेल तर फासे टाकून बघावेत. त्यासाठी दोन्ही फाशांवर सारखाच अंक येण्याची घटना सोयीची. 36 च्या यादीप्रमाणे तिची संभाव्यता 6/36, तर 21 च्या यादीप्रमाणे 6/21. म्हणजे 120 वेळा टाकल्यावर पहिलीप्रमाणे साधारण 20 वेळा आणि दुसरीप्रमाणे 34 च्या आसपास सारखे अंक यायला हवेत. वीसच्या थोडे मागेपुढे होईल, पण फासे सरळ असतील तर चौतीसपर्यंत मजल सहसा जात नाही.

या घोटाळ्यात थोर माणसेही अडकली आहेत. दोन फाशांवर 11 आणि 12 येणे सारखेच शक्य, असे लायबनिट्झने लिहून ठेवले आहे. 11 ला (5,6) आणि (6,5) अशा दोन वाटा आहेत, हे त्याच्या ध्यानात आले नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओपुढे तीन फाशांचा प्रश्न आला होता. 9 ही बेरीज सहा प्रकारांनी होते, 10 ही सहाच प्रकारांनी, तरी खेळणाऱ्यांना 10 जास्त वेळा का दिसते? त्याने प्रत्येक प्रकाराचे क्रम मोजले. 1-2-6 सहा क्रमांनी पडू शकते, 1-4-4 तीन, पण 3-3-3 एकाच. 216 निष्पत्तींपैकी 9 ला 25 आल्या आणि 10 ला 27.

4/21 हे उत्तर चुकले आहे हे यादी न तपासताही कळते. 36 निष्पत्तींमधून आलेला अपूर्णांक कितीही संक्षिप्त केला तरी त्याचा छेद 36 चा विभाजकच असतो: 2, 3, 4, 6, 9, 12, 18 किंवा 36. 21 मध्ये सात आहे आणि 36 मध्ये सात नाही. दोन फाशांच्या गणितात छेदात सात दिसला की यादीत गडबड आहे, हे नक्की. उलट मात्र खरे नाही. कुणी (5,5) दोनदा मोजून 7/36 काढले तर ही चाचणी गप्प राहते.

पत्त्यांच्या फोटोत हीच युक्ती दुसऱ्या कामाला येते. ‘एक पत्ता काढला असता तो बदामचा असण्याची संभाव्यता’ एवढेच फोटोत दिसते. मुलगा 13/52 म्हणजे 1/4 काढतो आणि पुस्तकामागे उत्तर असते 13/49. मग पुस्तकच चुकले, असा निकाल लागतो. वास्तविक 49 हा 52 चा विभाजक नाही, म्हणजे जोडात 52 पत्ते नव्हतेच. फोटो पुन्हा मागवला की कापली गेलेली वरची ओळ सापडते: ‘किलवरचे राजा, राणी व गुलाम काढून उरलेले पत्ते पिसले.’ n(S) = 49. बदामचे तेरा शाबूत आहेत, राजे मात्र तीनच उरले, म्हणून राजा येण्याची संभाव्यता 3/49.

पूर्ण जोडातून ‘बदाम किंवा राणी’ विचारले की 13 आणि 4 मिळून 17 लिहायचा मोह होतो. पत्त्यांची नावे लिहून काढावीत: बदामचे तेरा, मग इस्पिक, चौकट आणि किलवरच्या राण्या. सोळाच होतात, कारण बदामची राणी तेरामध्ये आधीच येऊन गेली. 16/52, म्हणजे 4/13.

हुशार मुले पुढे एक प्रश्न विचारतात, आणि तो मला फार आवडतो. फाशांत क्रम धरलाच पाहिजे, तर अकरावी-बारावीत दोन पत्ते एकदम काढताना क्रम सोडून 1326 जोड्या कशा चालतात? तिथे चालतात, कारण एकच पत्ता दोनदा हातात येत नाही. क्रम धरला तर 52 × 51 म्हणजे 2652 निष्पत्ती, आणि त्यांत प्रत्येक जोडी बरोबर दोनदा येते, एकही अपवाद न करता. दोन्ही एक्के येण्याची संभाव्यता क्रमासह 12/2652, क्रमाविना 6/1326, आणि दोन्हींचे संक्षिप्त रूप 1/221. फाशांत (5,5) सारख्या सहा जोड्या एकेकट्या असतात आणि बाकीच्या पंधरा दुहेरी, म्हणून तिथे क्रम सोडला की वजने बिघडतात. पण पहिला पत्ता बघून परत ठेवला, पिसला आणि मग दुसरा काढला, तर तोच पत्ता पुन्हा येऊ शकतो. निष्पत्ती 52 × 52 होतात आणि पत्तेही फाशांसारखे वागू लागतात. तेव्हा पत्त्यांच्या फोटोत ‘परत ठेवून’ हे दोन शब्द आहेत का, ते आधी शोधावे. बहुतेक वेळा ते ओळीच्या टोकाला, नेमके अंगठ्याखाली असतात.