परीक्षकाचा शेरा आणि एकशेवीस रोपं

शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतात. या पिअर रिव्ह्यूतून लेखकाच्या हाती येतात ते परीक्षकांचे शेरे. पुष्कळदा ते असे असतात: ‘सांख्यिकी विश्लेषण सदोष. नमुनासंख्या चुकीची. लेखकांनी प्रयोग-आराखड्याचे प्रस्थापित नियम पाळावेत.’ यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण ते वाचून लेखकाला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

उदाहरणादाखल गांडूळखत आणि टोमॅटोच्या प्रयोगावरचा एक निबंध घेऊ. एकूण आठ वाफे, चारांत गांडूळखत घातलेलं, चार तसेच ठेवलेले, आणि दर वाफ्यात 15 रोपं. लेखकानं सगळ्या 120 रोपांची फळं तोलली, 60 विरुद्ध 60 अशी तुलना केली आणि खतानं उत्पादन वाढतं असा निष्कर्ष काढला. आता खत घातलं होतं ते वाफ्याला. एका वाफ्यातली रोपं एकाच मातीत वाढतात, एकाच पाटाचं पाणी पितात, त्यामुळे ती एकमेकांसारखीच वागणार. वाफा मुळातच कसदार असेल तर पंधराही रोपं जोमदार दिसतील. म्हणून स्वतंत्र नमुने आठच, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 साली या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं. ती पकडायची खूण सोपी आहे: प्रयोगाच्या वर्णनात ‘चार वाफे’ लिहिलेलं असतं आणि तक्त्याखाली n = 60.

तोच शेरा मी असा लिहीन: ‘प्रयोगाच्या वर्णनात प्रत्येक बाजूला चार वाफे आहेत, तक्ता 2 मध्ये मात्र n = 60 आहे. खत वाफ्याला दिलेलं असल्यानं तुलना 4 विरुद्ध 4 अशीच धरावी लागेल. दर वाफ्याची सरासरी काढून किंवा वाफ्याचा घटक प्रतिमानात घेऊन विश्लेषण पुन्हा करावं, आणि आठही सरासऱ्या आकृतीत दाखवाव्यात. फरक तरीही टिकला तर तुमचा निष्कर्ष आजच्यापेक्षा भक्कम होईल. टिकला नाही तर सारांशातलं “खतामुळे उत्पादन वाढतं” हे वाक्य काढावं लागेल. ही दुरुस्ती झाल्याशिवाय मी निबंध स्वीकारण्याची शिफारस करू शकत नाही.’

शेरा लांबला, पण मागणी तसूभरही कमी झालेली नाही. उलट ‘सदोष’ या मोघम शब्दाच्या जागी तक्त्याचा क्रमांक आला, चुकीचं कारण आलं, वाट आली आणि त्या वाटेवर काय गमवावं लागू शकतं तेही आलं. लेखकाला परीक्षकाशी वाद घालायलाही यात जागा आहे. खत प्रत्येक रोपाला वेगळं, चिठ्ठ्या टाकून दिलं होतं आणि ते लिहायचं राहिलं, असं तो सांगू शकेल. ‘नियम पाळा’ या आज्ञेला असं उत्तर देता येत नाही.

आपुलकीच्या नावाखाली शेरा बोथट करणं मात्र मला मान्य नाही. ‘शक्य झाल्यास लेखकांनी नमुनासंख्येचा पुनर्विचार करावा’ असं लिहिलं की लेखक ती ऐच्छिक सूचना समजतो, तक्ता तसाच ठेवून एखादं वाक्य बदलतो आणि दुसऱ्या फेरीत नकार हाती पडल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं. ते वाटणं रास्त आहे. ‘शक्य झाल्यास’ हे शब्द आकृतीचे रंग, वाक्यांची लांबी अशा आवडीनिवडीच्या गोष्टींसाठी राखून ठेवावेत, आणि ती आपली आवड असल्याचं तिथे सांगावं.

पुष्कळ नियतकालिकांत संपादकासाठी गोपनीय शेऱ्याची वेगळी चौकट असते. लेखकाला ‘काम चांगलं, किरकोळ दुरुस्त्या’ आणि या चौकटीत ‘नाकारा’ असं लिहिलं, तर नकार कळवणाऱ्या संपादकाची पंचाईत होते आणि लेखकाला खरं कारण कधीच कळत नाही. हितसंबंधांचा संशय, मजकूर चोरल्याची शंका यांसाठी ती चौकट ठीक आहे. निबंधाच्या गुणदोषांबद्दल दोन्हीकडे एकच मत असलं पाहिजे.

शब्दांनी भागत नाही अशी एक जागाही आहे. आठऐवजी दोनच वाफे असते, एक खताचा आणि एक बिनखताचा, तर मातीचा परिणाम कोणता आणि खताचा कोणता हे कुठल्याही गणितानं वेगळं करता आलं नसतं. तेव्हा परीक्षकानं सरळ लिहावं: ‘या मोजमापांतून खताबद्दल निष्कर्ष निघत नाही. पुढच्या हंगामात दर बाजूला किमान चार वाफे घ्या आणि कुठल्या वाफ्याला खत द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. हा निबंध मात्र नाकारावा, अशी शिफारस मी संपादकांना केली आहे.’